कपाटाची रुंदी आणि भिंतीतला कोनाडा: तुमच्या तक्रारीला उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "तुमच्या पानावर रुंदी १२० सें.मी. लिहिली होती. माझा कोनाडा १२२ सें.मी.चा आहे, म्हणून निर्धास्तपणे ऑर्डर दिली. घरी आलेलं कपाट १२४.६ भरलं. ते आत जात नाही, खोलीच्या मध्येच उभं आहे. फोन केला तर म्हणे 'वरची पट्टी काढून टाका'. नवं कपाट मी का तोडू?"

दुकानमालकाचं उत्तर:

नमस्कार. तुम्ही मोजलंत ते बरोबर आहे आणि तुमचा राग रास्त आहे. पानावरचा १२० हा आकडा कपाटाच्या बॉक्सचा, म्हणजे एका बाजूच्या फळीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या फळीच्या बाहेरच्या कडेपर्यंतचा होता. त्यावर बसवलेली नक्षीची पट्टी, कॉर्निस, दोन्ही बाजूंना २.३ सें.मी. बाहेर येते. नुसतं 'रुंदी' असं लिहिलेलं असलं की घेणारा माणूस सगळ्यात रुंद जागेचंच माप धरणार, आणि तसंच धरायला हवं. त्या पानावर आता बॉक्सची रुंदी आणि कॉर्निससकट रुंदी अशी दोन्ही मापं दिली आहेत.

कपाट परत द्यायचं असेल तर आमची माणसं येऊन ते घेऊन जातील. नेण्याचा खर्च आमचा, आणि पैसे पूर्ण परत मिळतील. पट्टी काढून बघितली होती का, हे कोणी विचारणार नाही.

कपाट ठेवायची इच्छा असेल, तर फोनवर मिळालेला सल्ला अर्धवट होता हे आधी सांगतो. कॉर्निस तोडावी लागत नाही. ती वरच्या फळीला आतून स्क्रूने धरलेली आहे, स्क्रू सोडले की अखंड निघते, आणि वर फक्त बॉक्सची सपाट कड राहते. पण तुमच्या फोटोत कोनाड्याच्या उजव्या भिंतीला खाली पांढरं स्कर्टिंग दिसतंय. ते दोन्ही बाजूंना असेल आणि प्रत्येकी १.२ सें.मी. जाडीचं असेल, तर जमिनीलगत तुमची जागा १२२ नाही, ११९.६ उरते. म्हणजे पट्टी काढूनही कपाट चार मिलिमीटरने अडेल, तेही खाली, जिथे ते ढकलायचं असतं. जोर लावला तर फळीच्या कडेची पट्टी सोलून निघेल.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी टेप घेऊन कोनाडा जमिनीलगत, कमरेएवढ्या उंचीवर आणि कपाटाच्या माथ्याच्या उंचीवर मोजा. प्रत्येक ठिकाणी पुढच्या कडेलाही आणि मागच्या भिंतीलगतही. भिंती क्वचितच तंतोतंत ओळंब्यात असतात, आणि प्लास्टर कोपऱ्यात जाड होत जातं. या सहा आकड्यांतला सगळ्यात लहान तो तुमचा खरा कोनाडा. तो १२१ किंवा जास्त असेल तर कपाट नीट सरकेल. १२० ते १२१च्या मधे असेल तर मी स्वतः ते घालायला सांगणार नाही, कारण कपाट सरकवताना जरा तिरकं होतंच आणि तिरकं झालं की जास्त जागा मागतं. फक्त स्कर्टिंगच आड येत असेल तर कोनाड्यातला तेवढा तुकडा काढता येतो. बाजूच्या फळ्या मात्र कोणाकडूनही तासून घेऊ नका. बोर्डाची कापलेली कड उघडी राहिली की ओल धरते आणि फुगते, शिवाय जोडाची भोकं त्याच कडेजवळ आहेत.

आणखी एक गोष्ट दारांची. कपाट कोनाड्यात खोल गेलं तर दार बाजूच्या भिंतीला टेकून अर्धवटच उघडतं आणि आतले ड्रॉवर दारावर अडतात. त्यामुळे दारं भिंतीच्या कडेच्या पुढे राहतील इतकंच ते आत न्यायचं. कोनाड्याची खोली ६० सें.मी.पेक्षा जास्त असेल तर हे आधी कळवा, मागे टेकू द्यावा लागेल.

आत सरकवल्यावर बाजूने हात जाणार नाही, याची काळजी नको. पाये आतून, तळाच्या फळीतल्या भोकांमधून स्क्रूड्रायव्हरने वरखाली करता येतात. भिंतीला धरून ठेवणारी क्लिपही आतूनच लागते. ती लावल्याशिवाय कपाट वापरू नका, कॉर्निस असो वा नसो.

सहा मापं आणि स्कर्टिंगचा जवळून काढलेला एक फोटो ऑर्डरच्या मेसेजवरच पाठवा, मी स्वतः बघून बसेल की नाही ते सांगतो. बसत असेल तर आमचा सुतार येऊन पट्टी काढेल, कपाट लावून देईल, आणि कॉर्निस तुमच्याकडेच ठेवेल, पुढेमागे कपाट दुसऱ्या खोलीत गेलं तर ती परत लागते. मोजण्याच्या भानगडीत पडायचंच नसेल तर फक्त 'परत' एवढं लिहा, आम्ही कपाट न्यायला येतो.