बिलाची तारीख वजा केली म्हणजे एजिंग झालं असं नाही

"बिलांच्या पीडीएफमधून तारीख आणि टोटल एक्सेलमध्ये काढून घ्या. TODAY() मधून बिलाची तारीख वजा करा, ३०-६०-९० चे कप्पे पाडा, एजिंग रिपोर्ट तयार. ड्यू डेट प्रत्येक बिलावर नसतेच, ती सोडली तरी चालतं."

येणं किती दिवस थकलंय हे दाखवणाऱ्या एजिंग रिपोर्टसाठी हा सर्रास मिळणारा सल्ला का पुरत नाही, ते एक उदाहरण घेऊनच बोलू. हिंगणा एमआयडीसीतली यंत्रांच्या देखभालीची कामं करणारी एक फर्म, तिची पार्टी बुटीबोरीचा एक कारखाना. ठरलेली उधारी बिलापासून ४५ दिवस. रिपोर्ट ३० सप्टेंबर २०२५ अखेरचा. तीन बिलं उघडी आहेत: ११८ नंबरचं ५ जूनचं, १३१ नंबरचं १३ ऑगस्टचं आणि १४२ नंबरचं २८ ऑगस्टचं.

पहिला मुद्दा ड्यू डेटचा. बिलाच्या तारखेपासून मोजलं तर १३१ ला ४८ दिवस झाले आणि १४२ ला ३३. दोन्ही ३१-६० च्या कप्प्यात शेजारी शेजारी बसतात. प्रत्यक्षात १३१ ची मुदत २७ सप्टेंबरला संपली, म्हणजे ते फक्त ३ दिवस थकलंय. १४२ ची मुदत १२ ऑक्टोबरपर्यंत आहे, ते थकलेलंच नाही. हा रिपोर्ट हातात घेऊन वसुलीवाला १ ऑक्टोबरला फोन करणार आणि पलीकडचा अकाउंटंट विचारणार, "मुदत कुठे संपलीय?" बिल किती जुनं हा एक प्रश्न आणि पैसे किती दिवस थकले हा दुसरा. वसुलीला दुसऱ्याचं उत्तर लागतं. कंपन्यांच्या ताळेबंदात कंपनी कायद्याच्या शेड्यूल ३ प्रमाणे येण्यांचं जे एजिंग द्यावं लागतं, तेही ड्यू डेटपासूनच मोजतात. ड्यू डेट ठरलेलीच नसेल तरच व्यवहाराच्या तारखेपासून.

प्रत्येक बिलावर ड्यू डेट छापलेली नसते हे खरं, पण उधारीची मुदत बहुतेक वेळा कुठेतरी असते. टॅलीच्या छापील बिलात "Mode/Terms of Payment" हा रकाना असतो, तिथे "45 Days" लिहिलेलं सापडतं. तिथे नसेल तर पर्चेस ऑर्डर बघा, तिथेही नसेल तर पार्टी मास्टर. ड्यू डेटच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा आणि ती कुठून आली ते लिहा: छापील, मुदतीवरून काढलेली, की गृहीत धरलेली. वाद झाला की हाच रकाना कामी येतो. विक्रेता उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल तर एमएसएमईडी कायद्याची ४५ दिवसांची कमाल मर्यादाही लागू होते. पण ती माल किंवा सेवा स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. म्हणून तिचा रकाना वेगळा ठेवा, ठरलेल्या ड्यू डेटवर ती चढवू नका.

आता "तारीख काढून घ्या" याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. टॅलीच्या बिलावर "Dated" हा शब्द बिल नंबरजवळही असतो आणि "Buyer's Order No." जवळही. ई-इन्व्हॉइस असेल तर वर "Ack Date" येते. नुसता "Date" शब्द शोधून उचललं की ऑर्डरची तारीख बिलाची म्हणून येऊन बसते. बिल नंबरलगतचीच तारीख घ्यायची.

दुसरा घोळ दिवस-महिन्याच्या अदलाबदलीचा. टॅली `5-Jun-25` असं छापतं, त्यात शंकेला जागा नाही. बरीच इतर सॉफ्टवेअर `05/06/2025` छापतात. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर एक्सेल ती ६ मे समजतं आणि काहीही न बोलता पुढे जातं. ११८ नंबरच्या बिलाचं बघा. खरी ड्यू डेट २० जुलै, म्हणून थकलेले दिवस ७२, कप्पा ६१-९०. ६ मे धरली तर ड्यू डेट २० जून होते, दिवस १०२, आणि बिल ९० च्या वर जातं. याच फाइलमधलं `13/08/2025` मात्र तारखेत बदलत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ते मजकूर म्हणून डाव्या बाजूला चिकटून राहतं. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या की समजा, उजवीकडच्या उलटल्या आहेत. नुसत्या डावीकडच्या दुरुस्त करून भागत नाही. रकाना मजकूर म्हणून पुन्हा आणा आणि मग सगळ्याच एका सूत्राने बदला:

```
=DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2))
```

यानंतर बिल नंबरप्रमाणे क्रम लावून बघा. नंबर वाढतोय आणि तारीख मागे जातेय, असं जिथे दिसेल तिथे पीडीएफ उघडा.

तिसरा मुद्दा, बिलाची टोटल म्हणजे बाकी नव्हे. ११८ चं बिल १,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८,००० चं. पार्टीने ६०,००० दिले आणि कंत्राटी कामावरचा २ टक्के टीडीएस जीएसटी सोडून १,००,००० वर कापला, म्हणजे २,०००. उरले ५६,०००. टीडीएसची नोंद पार्टीच्या खात्यात टाकली नाही तर हे २,००० वर्षभर थकबाकी म्हणून लोंबकळतात आणि पार्टी ते कधीच देणार नसते. पीडीएफवर "Balance Due" छापलेलं असलं तरी सांभाळून. ती बिल छापलं त्या दिवशीची बाकी असते, आणि काही फॉरमॅटमध्ये तिच्यात मागची बाकीही मिसळलेली असते. तशी तीन बिलं बेरजेला घेतली की तीच रक्कम दोनदा, तीनदा मोजली जाते. बाकी लेजरमधून घ्या, पीडीएफमधून फक्त तारखा आणि मूळ रक्कम.

TODAY() बद्दल थोडक्यात: फाइल उद्या उघडली की कप्पे बदलतात, बाकी मात्र कालचीच राहते. अखेरची तारीख एका सेलमध्ये टाइप करा, समजा `J1` मध्ये, आणि बाकीही त्याच तारखेची घ्या. बिलाची तारीख D मध्ये, ड्यू डेट E मध्ये असेल तर:

```
=IF(NOT(AND(ISNUMBER(D2),ISNUMBER(E2))),"तपासा",
 IF($J$1<=E2,"मुदतीत",
 IF($J$1-E2<=30,"1-30",
 IF($J$1-E2<=60,"31-60",
 IF($J$1-E2<=90,"61-90","90+")))))
```

"मुदतीत" हा कप्पा वेगळा हवाच, नाहीतर १४२ सारखी बिलं पहिल्या कप्प्यात शिरतात. आणि "तपासा" आलेली ओळ गाळू नका. तिची रक्कम बेरजेत राहिलीच पाहिजे, नाहीतर रिपोर्ट स्वच्छ दिसतो आणि खात्याशी जुळत नाही.

जुळवणी अशी. टीडीएस वजा जाता १३१ चे ६९,६०० आणि १४२ चे ४६,४०० उरतात. ११८ चे ५६,००० धरून बेरीज १,७२,०००. लेजर मात्र १,४७,००० दाखवतं. फरक २५,००० चा: पार्टीने बिल नंबर न सांगता पाठवलेले पैसे टॅलीत "On Account" टाकलेत. ते स्वतःच्या मनाने ११८ मध्ये वळते करू नका. रिपोर्टच्या तळाशी "ऑन अकाउंट, वजा २५,०००" अशी वेगळी ओळ दाखवा आणि पार्टीकडून कोणत्या बिलापोटी ते लेखी घ्या. पार्टीने १३१ सांगितलं तर ११८ चे ५६,००० तसेच ७२ दिवस थकलेले राहतात.