‘डिपॉझिट जप्त’ वाल्या कमेंटला उत्तर

कमेंट: “भाऊ, अ‍ॅग्रीमेंटमध्ये ‘न सांगता गेल्यास डिपॉझिट जप्त’ लिहिलंय तर जप्तच, त्यात हिशोब कसला? उरलेल्या महिन्यांचं भाडंही मिळते. तुम्ही स्वतः कधी घर भाड्यानं दिलं आहे का? उगाच भाडेकरूंचे वकील बनू नका.”

हे बघा भाऊ, मतभेद चालतात, पण हा शेवटचा टोन मला आवडला नाही. मी पोस्टमध्ये एवढंच लिहिलं होतं की भाडेकरू न सांगता गेला तरी झालेलं नुकसान हिशोबानं कापून बाकीचं डिपॉझिट परत करायचं. पण ‘घर दिलं आहे का’ हे मला विचारता? मनीषनगरचा टू-बीएचके मी बारा वर्षांपासून भाड्यानं देतोय, आणि असाच एक भाडेकरू मला न सांगता पळाला होता.

भाडं 10 हजार, डिपॉझिट 30 हजार, एक महिन्याची नोटीस, आणि लॉक-इन, म्हणजे ठरावीक महिने घर सोडायचं नाही अशी अट, नव्हती. मार्चपर्यंतचं भाडं आलं, मग फोन बंद, आणि 20 एप्रिलला शेजारच्या काकूंनी सांगितलं की रात्री टेम्पो लागला होता. त्याच दिवशी कुलूप तोडलं नाही मी. आधी अ‍ॅग्रीमेंटवरच्या त्याच्या गावाच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पोस्टानं पत्र टाकलं, पोलीस ठाण्यात लेखी कळवलं, दहा दिवस थांबलो, मग सोसायटीचे सेक्रेटरी आणि काकू यांच्यासमोर कुलूप उघडून व्हिडिओ काढला आणि पंचनाम्यावर दोघांच्या सह्या घेतल्या. असं का? तर उद्या तोच म्हणाला असता की माझा टीव्ही आत होता.

नवा भाडेकरू 16 मेला आला. म्हणजे एप्रिलचे 10 हजार, मेच्या पंधरा दिवसांचे 5 हजार, लाइट बिल 2,200 आणि तुटलेल्या दाराचे 800, एकूण 18 हजार. भिंती मळल्या होत्या, पण वापरानं होणारी झीज त्याच्या डिपॉझिटातून कापत नाहीत. उरलेले 12 हजार त्याच्या खात्यात टाकले, पावत्यांसकट हिशोब गावी पाठवला.

आता तुमचं ‘जप्त’. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 म्हणते की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, मिळते ती त्याच्या आत वाजवी भरपाई. सुप्रीम कोर्टानं 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलं की नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही, आणि ते मोजता येत असेल तर सिद्ध करावं लागते. भाड्याच्या घरात नुकसान मोजता येते, रिकामे दिवस मोजायचे असतात फक्त. तुम्ही शब्द वाचला, कलम नाही वाचलं.

उरलेल्या महिन्यांचं म्हणाल तर कलम 73 चं स्पष्टीकरण वाचा. नुकसान कमी करायची संधी तुम्हाला होती का हे पाहिलं जाते. घर मुद्दाम रिकामं ठेवून पाच महिन्यांचं मागाल तर अडचण येईल. लॉक-इन असलं तर दावा मजबूत होतो, पण तिथंही नवा भाडेकरू आला त्या तारखेनंतरचं भाडं दोघांकडून घेता येत नाही.

आणि 18 ऐवजी 40 हजारांचं नुकसान झालं असतं तर वरचे 10 हजार मी कोर्टात मागितले असते, सोडले नसते. त्यासाठीच ते पत्र, पंचनामा आणि पावत्या जपून ठेवल्या होत्या.