किडनीचा तिसरा टप्पा आणि आहाराची नोंद: पोटॅशियमची ओळ कुठे आहे?

प्रतिक्रिया: "तुमची आहारतज्ज्ञाची नमुना नोंद वाचली. किडनीचा पेशंट आणि उपायांत पोटॅशियम-फॉस्फरसवर एक अक्षर नाही? निदानाच्या रकान्यात सरळ 'क्रॉनिक किडनी डिसीज, टप्पा ३' लिहायचं सोडून पापड-लोणच्याचं वाक्य. आम्ही छापील रीनल चार्ट देतो, डाळ बंद करतो, भाज्या उकळून पाणी फेकायला सांगतो. ही नोंद परीक्षेत नापास होईल."

उत्तर:

निदानापासूनच सुरू करते, कारण बाकीचा सगळा वाद तिथूनच निघतो.

'क्रॉनिक किडनी डिसीज, टप्पा ३' हे डॉक्टरांचं निदान आहे आणि ते माझ्या नोंदीत पहिल्या रकान्यात, मूल्यमापनात, आहेच. त्यांनी ते तीन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांवरून केलं. तेच वाक्य मी दुसऱ्या रकान्यात पुन्हा उतरवलं तर पुढे काय करू? किडनीची गाळण मी वाढवू शकत नाही. आहारतज्ज्ञाच्या निदानात अशीच अडचण लिहायची, जी आहाराने हलवता येते. त्याला तीन भाग लागतात: अडचण, तिचं कारण आणि तिचा पुरावा. उपाय कारणावर बसतो आणि फेरतपासणी पुराव्यावर. कारणाच्या जागी 'किडनीचा आजार' लिहिला की उपायाच्या रकान्यात छापील चार्टशिवाय काही उरत नाही, कारण तो कुणालाही लागू पडतो.

आता नोंदीतलेच गृहस्थ घ्या. वय ५६, सोलापूरकडचे, किराणा दुकान, ११ वर्षांचा मधुमेह. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. क्रिएटिनिन १.७, त्यावरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणीचा अंदाज, ४७, म्हणजे टप्पा ३ अ. लघवीत अल्ब्युमिन दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे १८० मिलिग्रॅम. रक्तदाबाची टेल्मिसार्टन ही गोळी चालू असूनही रक्तदाब १४६/८८. पोटॅशियम ४.६, फॉस्फरस ३.८, बायकार्बोनेट २४. पोटॅशियमची ओळ तुम्हाला दिसली नाही, कारण तुम्ही ती उपायांत शोधलीत. ती मूल्यमापनात आहे आणि फेरतपासणीतही आहे. उपायांच्या रकान्यात नाही, कारण ४.६ला उपाय लागत नाही.

मग यांची अडचण कोणती? त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "मॅडम, मी ताटात वरून मीठ घेतच नाही." हे वाक्य जवळपास प्रत्येक जण म्हणतो आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणून मी मिठाबद्दल पेशंटला विचारत नाही, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारते, आणि तेही असं: मिठाचं एक किलोचं पाकीट किती दिवस पुरतं? सूनबाई म्हणाल्या, पंचवीसेक दिवस. घरात माणसं चार, चौघंही मोठी. हजार ग्रॅमला शंभरने भागलं की माणशी रोज १० ग्रॅम, आणि हे फक्त घरातलं. दुकानात संध्याकाळी चहाबरोबर फरसाण, दोन्ही जेवणांत लोणचं, रात्री पापड हे वेगळं. किडनीच्या रुग्णाला दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात.

पाकिटाचा हिशेब कच्चा असतो, हे मान्य. घरात लोणचं घातलं, पाहुणे आले की तो चुकतो. म्हणून डॉक्टरांना सांगून २४ तासांची लघवी तपासून घेतली. सोडियम १९० मिलिमोल आलं, म्हणजे सुमारे ११ ग्रॅम मीठ. कच्चा हिशेब आणि लॅब जुळले. या तपासणीत एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: लघवी पूर्ण गोळा झाली का. त्यासाठी त्याच नमुन्यातलं क्रिएटिनिन बघा. यांचं ११५० मिलिग्रॅम होतं, या वजनाला आणि वयाला पटणारं. ते सहाशे आलं असतं तर मी सोडियमचा आकडा वापरला नसता. दुकानदार माणूस, दुपारी लघवी गोळा करायचा कॅन घरी राहिला असणार, असंच धरलं असतं.

आता ते 'पापड-लोणच्याचं वाक्य' पूर्ण लिहिते:

> सोडियमचं अतिसेवन. कारण: रोजचं लोणचं, पापड, फरसाण आणि 'सैंधव कितीही चालतं' हा घरातला समज. पुरावा: २४ तासांच्या लघवीत सोडियम १९० मिलिमोल, चौघांत किलोभर मीठ २५ दिवसांत संपतं, औषध चालू असताना रक्तदाब १४६/८८.

सैंधव हा शब्द मी मुद्दाम लिहिला. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रंगाने किडनीला फरक पडत नाही. या घरात ते 'औषधी' म्हणून हात सैल सोडून वापरलं जात होतं. हे कारण कळलं नसतं तर 'मीठ कमी करा' एवढंच सांगून मी त्यांना घरी पाठवलं असतं आणि त्यांनी साधं मीठ कमी करून सैंधव वाढवलं असतं. उलट बाजूने, बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टन रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतं, त्यात हे मीठ नको. माझ्या नोंदीत उपायांत पोटॅशियमचा खरा उल्लेख असेल तर तो एवढाच, 'लो सोडियम मीठ वापरू नये' या ओळीत दडलेला.

आणि सोडियमच पहिलं का? मीठ जास्त असलं की टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं लघवीतलं अल्ब्युमिन जितकं कमी करू शकतात तितकं करत नाहीत. म्हणजे लोणच्याची फोड गोळीचा परिणाम खाते. ज्याच्या लघवीत अल्ब्युमिन जातंय त्याच्यासाठी आहारतज्ज्ञाच्या हातात यापेक्षा मोठी गोष्ट नाही. साखरेची ओळ नोंदीत वेगळी आहे, ती इथे सोडते.

आता डाळ. याच २४ तासांच्या नमुन्यातून प्रथिनांचाही हिशेब निघतो. लघवीतलं युरिया नायट्रोजन ग्रॅममध्ये घ्यायचं, त्यात वजनाच्या ०.०३१ पट मिळवायचं आणि बेरजेला ६.२५ने गुणायचं. यांचं ११.२ होतं, त्यात २.१ मिळवून गुणल्यावर रोजची प्रथिनं ८३ ग्रॅम आली. किलोमागे १.२. शाकाहारी, दोन वेळा भाकरी खाणाऱ्या माणसाच्या ताटात एवढं कुठून आलं? ताटातला हिशेब, म्हणजे चार भाकऱ्या, आमटी, दूध, शेंगाचटणी, पोहे, थोडा भात, फरसाण, सगळं मिळून ६३च्या पुढे जात नव्हता. उरलेले वीस ग्रॅम खोदून विचारल्यावर निघाले: 'अशक्तपणा जावा' म्हणून मुलाने आणलेली प्रोटीन पावडर, सकाळी दुधातून. ती यादीत नव्हती, कारण घरच्यांच्या लेखी ते टॉनिक होतं.

लक्ष्य किलोमागे ०.८, म्हणजे ५४-५५ ग्रॅम. पावडर बंद केली की ६३. फरसाण गेलं आणि शेंगाचटणी निम्मी झाली की लक्ष्याच्या जवळ. आमटीला हात लावावा लागला नाही. तुमच्या चार्टप्रमाणे डाळ बंद आणि पावडर चालू राहिली असती, कारण पावडरीबद्दल कुणी विचारलंच नसतं.

'डाळ बंद'वर मला जरा जास्त बोलायचंय. अशा चार्टवर काही महिने काढून आलेले पेशंट मी बघते. वजन उतरलेलं असतं, दंड सैल पडलेले असतात आणि क्रिएटिनिन कमी झालेलं असतं. घरात पेढे वाटायचे बाकी असतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं; स्नायू झिजले की किडनी सुधारली नसतानाही आकडा खाली येतो. म्हणून फेरतपासणीत माझ्याकडे क्रिएटिनिनच्या शेजारी वजन आणि हाताच्या पकडीची ताकद असतेच. वजन उतरत असेल तर कमी झालेल्या क्रिएटिनिनवर मी खूश होत नाही.

भाज्या उकळून पाणी फेकण्याचंही तसंच. पोटॅशियम खरंच वाढलेलं असेल तेव्हा ती पद्धत कामाची आहे, पण ४.६ला ती लावली तर पाण्याबरोबर क जीवनसत्त्व जातं, भाजीची चव जाते आणि चवीसाठी पुन्हा लोणचं येतं. उद्या यांचं पोटॅशियम ५.६ आलं तरी मी आधी विचारेन की नमुन्यातल्या पेशी फुटल्या होत्या का, गोळीचा डोस वाढला का, बायकार्बोनेट उतरलंय का, साखर फार वाढली का, पोट साफ होतंय का. पालक-केळ्याची पाळी त्यानंतर. फॉस्फरसचं म्हणाल तर ज्वारी-डाळींतला बराचसा भाग फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि आतड्यात पुरता शोषला जात नाही. पाकिटातल्या पदार्थांत मिसळलेलं फॉस्फेट मात्र जवळपास सगळं शोषलं जातं. ३.८वर भाकरी तोडण्यात अर्थ नव्हता.

सहा आठवड्यांनी ते आले तेव्हाची नोंद देते, म्हणजे पुराव्याच्या ओळीचा उपयोग दिसेल. पहिलं लक्ष्य लघवीत सोडियम १२०, पाकीट ४० दिवस. त्यापुढचं ९०च्या आत. आलं १२८. पाकीट ३६ दिवस पुरलं. घरचा रक्तदाब सरासरी १३४/८२. युरिया नायट्रोजन ८.३, म्हणजे प्रथिनं ६५ ग्रॅम, पावडर सुटली. वजन ६७.५, पकड तेवढीच. पोटॅशियम ४.७. अल्ब्युमिनची तपासणी तीन महिन्यांवर ठेवली होती, ती अजून व्हायची होती.

सोडियम १२८वरच राहिलं तर रक्तदाबासाठी मी डॉक्टरांना डोस वाढवायला सुचवायचं की घरात अजून शोधायचं? लघवीतलं सोडियम १००च्या खाली येऊनही दाब चढा असता तर डोसची चिठ्ठी लिहिली असती. इथे अजून जागा होती. लोणचं बंद झालं होतं, पापड आठवड्यातून एकदा. राहिलं होतं संध्याकाळचं फरसाण, आणि त्याचं कारण मला पहिल्या भेटीत कळलं नव्हतं: दुकानात चहावाला पाच वाजता येतो आणि रात्रीचं जेवण दहाला. नव्या नोंदीत कारणाच्या जागी ते लिहिलं आणि उपायात पाच वाजता घरून डब्यातून बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या, फोडणी मिरची-कढीपत्त्याची. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, लघवीचा कॅन दुकानासाठी वेगळा द्यायचा.