‘९१ अक्षरांचे तीन मेसेज’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ग्राहकाचा रिव्ह्यू (१ स्टार): “संस्थेच्या ८५० सभासदांना सभेचा मराठी मेसेज पाठवला. मी स्वतः मोजली, मोकळ्या जागेसकट ९१ अक्षरं. १६० ला एक क्रेडिट असं सांगून २,५५० क्रेडिट कापले. इंग्रजीत पाठवलं तेव्हा ८५० च गेले होते. ही सरळ लूट आहे.”

नमस्कार साहेब. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी मागते. शेवटचा मजकूर ठरल्यावर क्रेडिटचा आकडा मी पुन्हा कळवायला हवा होता. तो कळवला नाही, ही चूक माझीच. पण ‘लूट’ हा शब्द मनाला लागला. हे दुकान मी एकटी चालवते आणि हा शब्द माझे बाकीचे ग्राहकही वाचणार आहेत, म्हणून हिशेब इथेच मांडते.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे १,१२० बिट. ही मर्यादा एसएमएसच्या मानकातली आहे, माझी नाही. साध्या इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. त्या ७ बिटांच्या तक्त्यात देवनागरी नाहीच. त्यामुळे मराठी मजकूर युनिकोडमध्ये जातो, तिथे प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात आणि ७० चिन्हांत मेसेज भरतो. १६० चा आकडा फक्त इंग्रजीचा, हे आमच्या दरपत्रकात लिहिलेलं आहे.

आता तुमचे ९१. तुम्ही चुकीचं मोजलं नाही, डोळ्यांना तेवढीच दिसतात. पण यंत्र काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतं. ‘संस्थेच्या’ हा शब्द घ्या. आपल्याला सं, स्थे, च्या अशी तीन अक्षरं दिसतात. यंत्राला दिसतं स, अनुस्वार, स, हलन्त, थ, मात्रा, च, हलन्त, य, काना. झाली दहा. माझ्या कॉम्प्युटरवर नुसता ‘च्या’ खोडायला चार वेळा बॅकस्पेस दाबावं लागतं, ते यामुळेच. तुमचा मजकूर असा होता:

“सन्माननीय सभासद, संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दि. १४ सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता संस्थेच्या सभागृहात होणार आहे. कृपया उपस्थित राहावे.”

याची चिन्हं भरतात १४४. इंग्रजीची १४४ अक्षरं एकाच मेसेजमध्ये जातात, वर १६ ची जागा उरते. मराठीत भाग पाडावे लागतात, आणि भाग पाडले की प्रत्येक भागातले ६ बाइट फोनला ‘हा तीनपैकी दुसरा’ असं सांगण्यात जातात. त्यावरूनच फोन तुकडे जोडून सभासदाला एकसंध मेसेज दाखवतो. म्हणून ७० च्या जागी ६७ च उरतात. दोन भागांत १३४ मावतात. तुमची दहा जास्त झाली आणि त्या दहांसाठी तिसरा भाग लागला. ८५० गुणिले ३, म्हणजे २,५५०. मोबाइल कंपनीही माझ्याकडून भागांप्रमाणेच पैसे घेते, त्यामुळे तिसऱ्या भागाचे पैसे मलाही भरावे लागले.

आणि साहेब, एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. मी तुम्हाला आधी जो नमुना पाठवला तो ‘होणार आहे.’ इथे संपत होता. त्याची १२२ चिन्हं, दोन भाग, १,७०० क्रेडिट, असं मी व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं आणि तुमचा ‘ओके’ आला होता. टेम्प्लेट मंजुरीला टाकायचं त्या दिवशी रात्री पावणेदहाला तुमचा फोन आला, की ‘कृपया उपस्थित राहावे’ घालाच, नाहीतर उद्धट वाटतं. मी मुलीचा अभ्यास घेत होते, तरी उठून ते घातलं. मोकळ्या जागा धरून ती २२ चिन्हं होती. तेव्हाच पुन्हा मोजून सांगितलं असतं, तर एकटा ‘सन्माननीय’ काढून बरोबर १३४ झाली असती आणि विनंतीही राहिली असती. ही खंत मला आहे.

फोनवर तुम्ही म्हणालात की १४ आणि १० हे आकडे इंग्रजीत केले असते तर वाचले असते. तसं होत नाही. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर असलं, तरी सगळा मेसेज १६ बिटांनी जातो आणि इंग्रजी आकडाही तेवढीच जागा घेतो. उलट, पूर्ण इंग्रजी मेसेजमध्ये रुपयाचं चिन्ह ₹ टाकलं तरी तो १६० वरून ७० वर येतो. म्हणून वर्गणीच्या मेसेजमध्ये मी तुम्हाला नेहमी Rs. लिहायला सांगते.

माझ्यावर विश्वास नसेल तर हाच मजकूर तुमच्या फोनच्या मेसेजच्या चौकटीत टाकून बघा. बऱ्याच फोनवर पाठवायच्या बटणाजवळ ५७/३ असं काहीसं दिसतं. म्हणजे तिसरा भाग सुरू आहे आणि त्यात ५७ ची जागा शिल्लक आहे.

यापुढे मजकुरात शब्दाचा जरी बदल झाला, तरी नवा आकडा कळवल्याशिवाय मेसेज सुटणार नाही. पॅनेलवर मोजणी दिसण्याचं कामही लवकरच करून घेते. तिसऱ्या भागाचे ८५० क्रेडिट परत करणं मला परवडणारं नाही, पण पुढच्या सभेच्या मेसेजला निम्मे वळते करून देईन. दुकानात या, समोर बसून मोजू.