बॅटरी शून्यावर आणायचा सल्ला कोणी दिला?

"मोबाईलची बॅटरी पूर्ण ० होईपर्यंत चार्जिंगला लावू नका, मग एकदम १०० करा. रात्रभर चार्जिंग म्हणजे स्फोट. फास्ट चार्जर सहा महिन्यांत बॅटरी खातो. वायरलेस चार्जिंग सर्वात सुरक्षित, कारण वायरच नाही. सर्वांना पाठवा."

सोसायटीच्या ग्रुपवरून हे आईपर्यंत पोचलं, आणि ती असल्या गोष्टी उपवासासारख्या पाळते. ठाण्याहून कोपरखैरण्याला येताना बॅगेत पॉवर बँक असून तिने ती लावली नाही. ऐरोलीच्या आसपास फोन बंद पडला आणि तिकीट फोनमध्येच. टीसी आला नाही म्हणून निभावलं. तेव्हा आधी शून्याचंच बघू.

हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा आहे. अर्धवट चार्ज करत राहिलं तर त्यांची क्षमता घटल्यासारखी वाटायची. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन असते आणि तिला ही खोड नाही. उलट ती जितकी खोलवर रिकामी कराल तितकी लवकर झिजते. चार्जिंगची सायकल म्हणजे चार्जर लावण्याची वेळ नव्हे. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के भरलं की मिळून एकच सायकल होते. म्हणजे दुपारी थोडं, संध्याकाळी थोडं भरण्यात नुकसान काहीच नाही.

फोन ० दाखवून बंद होतो तेव्हा बॅटरीत थोडा साठा राखलेला असतो. पण तसाच बंद फोन कपाटात महिनोन् महिने पडला की तो साठाही गळतो. व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि धोका नको म्हणून संरक्षक सर्किट चार्जिंगच नाकारतं. "गावच्या जुन्या फोनला तासभर चार्जर लावला, तरी चिन्हसुद्धा येत नाही," अशी तक्रार असते ना, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण. फोन ठेवून द्यायचा असेल तर साधारण अर्धा भरून बंद करावा.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. फोन २० टक्क्यांवरून अचानक बंद पडत असेल तर एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरल्याने टक्क्यांचा अंदाज सुधारू शकतो. पण त्याने काटा सुधारतो, बॅटरी नाही.

आता रात्रभराचं. १०० झालं की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, त्यामुळे बॅटरी 'ओव्हरफ्लो' वगैरे होत नाही. खरा त्रास काठोकाठ भरलेली बॅटरी गरम राहण्याचा. कॅडेक्स या कॅनडाच्या कंपनीच्या 'बॅटरी युनिव्हर्सिटी'वर एक तक्ता आहे. बॅटरी वर्षभर २५ अंशांत ४० टक्के भरून ठेवली तर क्षमता ९६ टक्के उरते, पूर्ण भरून ठेवली तर ८०. तापमान ४० अंश झालं तर हेच आकडे ८५ आणि ६५. फोन काही वर्षभर चार्जरवर नसतो, पण दिशा कळते: भरलेपणा आणि उष्णता एकत्र आली की घात. आईचा फोन रात्री जाड फ्लिप कव्हरसकट उशीखाली चार्ज व्हायचा. मे महिन्यात, पंख्यावर. तिथे घड्याळ बघून उपयोग नाही, उशी काढायला हवी.

मी तिच्या फोनमध्ये बॅटरीच्या सेटिंगमधलं `Battery protection` चालू करून मर्यादा ८० केली (इतर फोनमध्ये नाव वेगळं असतं). आता चार्जिंग टीव्हीशेजारच्या उघड्या फळीवर, कव्हर काढून. लांबच्या प्रवासाला निघायच्या सकाळी १०० करायला हरकत नाही, कारण भरलेली बॅटरी लगेच वापरली जाते.

फास्ट चार्जरला इतकं घाबरू नका. तो पूर्ण वेळ सुसाट नसतोच. रिकाम्या बॅटरीत सुरुवातीला जोरात भरतो, वर जाईल तसा मंदावतो. शेवटचे २० टक्के रेंगाळतात ते म्हणूनच. उष्णता जास्त होते हे खरं, म्हणून त्या वेळी गेम किंवा व्हिडिओ कॉल नको. घाई नसेल तर साधा चार्जर चांगलाच.

वायरलेसचा मुद्दा तर साफ उलटा आहे. दोन कॉइलमधून वीज जाताना काही भाग उष्णतेत वाया जातो, आणि फोन पॅडवर जरा तिरका बसला तर आणखी. उचलल्यावर पाठ चटका देण्याइतकी गरम लागली तर जागा नीट करा किंवा वायर वापरा.

स्फोटाची इतकीच काळजी असेल तर त्या मेसेजमध्ये एक ओळ हवी होती, ती नाही: फोनची पाठ फुगली किंवा स्क्रीनची कड वर उचलली गेली, तर चार्जिंग तिथेच थांबवा. तो दाबून बसवू नका, टाचणी लावू नका, दुरुस्तीवाल्याकडे नेऊन बॅटरी बदलून घ्या.