नामकरण

आमच्या सोसायटीच्या हिशेबाची एक्सेल फाइल आधीच्या खजिनदारांकडून वारशाने आली आहे. शीट्सची नावं Apr, May, Jun अशी. वार्षिक सभा तोंडावर असताना चेअरमन काका म्हणाले, "नावं मराठीत करा हो. एप्रिल/24 असं." ते तिरकं चिन्ह एक्सेलला नावात चालत नाही, म्हणून 'एप्रिल 24' वर तडजोड झाली. टॅबवर डबल-क्लिक करून बाराही बारशी उरकली.

गंमत म्हणजे साधी सूत्रं शहाणी निघाली. =Apr!F62 होतं, तिथे आपणहून ='एप्रिल 24'!F62 झालं. नावात जागा आली म्हणून दोन्ही बाजूंची अवतरणचिन्हंही एक्सेलनेच घातली. मी चहा टाकला.

चहा उतू जाण्याआधी काकांचा फोन. "वर्षाची वसुली शून्य दिसतेय!"

ताळेबंदाच्या शीटमध्ये, A रकान्यात महिन्यांची नावं आणि शेजारी हे रत्न:

```
=IFERROR(INDIRECT(A2&"!F62"),0)
```

INDIRECT ला शीट माहीत नसते, फक्त अक्षरं माहीत असतात. टॅबचं नाव बदललं तरी A2 मधलं Apr हे Apr च राहतं. वर IFERROR असा समंजस, की घरात आग लागली तरी "काही नाही, सगळं शून्य आहे" म्हणून सांगतो. तो काढला तेव्हा खरं दुखणं दिसलं: #REF!

A2 मध्ये 'एप्रिल 24' लिहिलं, त्याखालचे महिनेही तसेच बदलले. तरी #REF!. कारण मघाची ती अवतरणचिन्हं! INDIRECT मध्ये ती आपणच घालायची:

```
=INDIRECT("'"&A2&"'!F62")
```

खाली ओढलं आणि आकडे परतले. जून मात्र हट्टाला पेटला. स्पेलिंग तपासलं, वेलांटी-उकार तपासले, सौ.लाही चष्मा लावून तपासायला बसवलं. शेवटी रिकाम्या घरात = टाइप करून जूनच्या टॅबवर गेलो आणि F62 वर क्लिक केलं. सूत्राच्या पट्टीत दिसलं: ='जून 24 '!F62. चोवीसनंतर एक अदृश्य जागा! ती टॅबमधून पुसली आणि वसुली पूर्ण झाली.

शून्य वसुलीची बातमी तोवर बिल्डिंगभर पोचली होती. तिसऱ्या मजल्यावरचे थकबाकीदार तर जिन्यात भेटून माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्ही आल्यापासून हिशेबात सुधारणा आहे."

रात्री काकांना फाइल दाखवली. त्यांनी बराच वेळ न्याहाळली. "उत्तम. पण 24 इंग्रजीत का? २४ हवं."

आता टॅबवर आणि A रकान्यात, दोन्हीकडे बाराही नावं बदलायची. काकांनी जाताना डायरीत लिहून घेतलं: पुढच्या वर्षी शालिवाहन शक.