टेपच्या डागाखाली फोटो शाबूत असतो

"जुन्या फोटोवरची सेलोटेप हेअर ड्रायरने गरम करून सोलून घ्या. चिकट राहिलं तर खोबरेल तेल नाहीतर नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा. मग फोटो ब्लॅक अँड व्हाइटमध्ये 300 डीपीआयवर स्कॅन करा, पिवळेपणा आपोआप जातो. उरलेला डाग हीलिंग ब्रशने पुसा. अल्बमच्या पानाचे ठसे थोडा ब्लर मारला की दिसत नाहीत."

जुने फोटो साफ करायचा हा सल्ला मेसेजमधून फिरतो. त्यातलं नुकसान पहिल्याच वाक्यात आहे. आपल्या आजी-आजोबांच्या काळातले बहुतेक काळे-पांढरे फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा पातळ थर आणि त्या थरात चांदीचे बारीक कण. चित्र सगळं त्या थरात. ड्रायरची गरम हवा लागली की जिलेटिन कोरडं पडून आक्रसतं, फोटो वळतो, जुन्या थराला चिरा जातात. टेपचा गोंद मात्र त्याच उष्णतेने पातळ होतो आणि कागदात आणखी खोल उतरतो. मग टेप ओढली की तिच्याबरोबर थराचा पापुद्रा निघून येतो. तो परत बसवता येत नाही.

तेलाने तरी काय होतं? जुन्या टेपचा गोंद रबराचा असायचा. हवा लागून तो आधी चिकट आणि पिवळा होतो, पाझरतो, आणि काही वर्षांनी कडक तपकिरी होऊन बसतो. त्या अवस्थेत तो तेलात विरघळत नाही. तेल फक्त कागदात मुरतं आणि तिथे कायमचा तेलकट डाग पडतो. नेलपॉलिश रिमूव्हर पिवळेपणा कागदात पसरवतो, आणि फोटोमागे शाईने लिहिलेलं नाव-तारीख असेल तर ती अक्षरंही फुटतात. घरात दुसरीकडे कुठेही न लिहिलेली ती एकच नोंद असू शकते.

म्हणून टेप आहे तशी राहू द्या आणि टेपसकट स्कॅन करा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. गोंद अजून ओला-चिकट असेल तर फोटो काचेवर ठेवू नका, वरून कॅमेऱ्याने टिपा.

आता ब्लॅक अँड व्हाइट स्कॅनचा मुद्दा. मेसेजमधला हा सल्ला सगळ्यात निरुपद्रवी वाटतो, पण डाग काढायचं खरं साधन याच पायरीवर हातचं जातं. माझ्याकडे आजोळच्या पेटीतला एक फोटो आहे. आजी-आजोबा स्टुडिओत, पाठीमागे रंगवलेला पडदा. मधे फाटला म्हणून कुणीतरी समोरूनच 12 मिलिमीटरची टेप लावली होती. तिचं प्लास्टिक कधीच गळून पडलं आणि आजीच्या कपाळावरून आजोबांच्या खांद्यापर्यंत मधासारख्या रंगाचा पट्टा राहिला. तो मी रंगीत स्कॅन केला आणि फोटोच्या पांढऱ्या कडेवर, जिथे चित्र नाही, तिथे कर्सर ठेवून प्रत्येक रंगाचे आकडे पाहिले, 0 म्हणजे काही नाही आणि 255 म्हणजे पूर्ण उजळ. स्वच्छ कागद: लाल 214, हिरवा 205, निळा 182. त्याच कडेवर डागाखाली: लाल 206, हिरवा 170, निळा 104.

पिवळा-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतो आणि लाल जवळजवळ सगळा जाऊ देतो. म्हणून लाल चॅनेलमध्ये, म्हणजे फक्त लालच्या आकड्यांनी बनलेल्या चित्रात, फरक 8 अंकांचा उरतो, पट्टा शोधावा लागतो. ब्लॅक अँड व्हाइट करताना साधारणपणे तिन्ही रंग ठरलेल्या प्रमाणात मिसळले जातात आणि त्यात हिरव्याचा वाटा मोठा असतो. या फोटोत तसं केल्यावर फरक 32 निघतो. म्हणजे पिवळेपणा जात नाही, त्याचा करडा पट्टा होतो, आणि तो कुठल्या रंगाचा होता हे सांगणारी माहिती फाइलमधून निघून जाते. मग तो वेगळा काढायचा कशाच्या आधारावर?

स्कॅन रंगीत, 48 बिट, 600 डीपीआय आणि टिफमध्ये करा. घरगुती फोटो लहान असतात. तीन बाय चार इंचाचा फोटो 300 वर जेमतेम 900 बाय 1200 पिक्सेल भरतो, त्यात चेहरा बोटाच्या पेराएवढा. स्कॅनरची स्वतःहून रंग सुधारणारी, धूळ काढणारी, धार वाढवणारी सगळी बटणं बंद ठेवा. ती डागालाच चित्र समजून त्याच्या कडा आणखी ठळक करतात.

फोटो शुद्ध काळा-पांढरा असेल तर लाल चॅनेल वेगळा काढला की अर्धं काम झालं. एक शंका मला स्वतःला आली होती: आजीचं कुंकू लाल, मग लाल चॅनेलमध्ये ते पुसलं जाईल का? नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोत कुंकूसुद्धा चांदीच्या काळ्या कणांनीच उमटलेलं असतं, ते लाल चॅनेलमध्येही काळंच राहतं. पण स्टुडिओने वरून ब्रशने रंग भरला असेल, कुंकू, ओठ, साडीचा काठ, तर तो लाल रंग या चॅनेलमध्ये खरोखर नाहीसा होतो. अशा फोटोंवर ही वाट धरू नका.

दुसरी अडचण फिकटलेल्या फोटोंची. चांदी झिजून चित्र पिवळसर झालं असेल तर उजळ भागातला तपशील, म्हणजे पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, धोतराच्या निऱ्या, निळ्या चॅनेलमध्ये ठळक असतो आणि लालमध्ये विरतो. ओळखायला सोपं आहे: सदऱ्याचा तोच तुकडा आधी लालमध्ये आणि मग निळ्यात मोठा करून पाहा. लालमध्ये तो सपाट दिसला तर पूर्ण फोटो लालवर नेऊ नका.

या दोन्ही फोटोंना खालचा उपाय लागू पडतो, आणि मी माझ्या फोटोवरही अखेर हाच वापरला. डाग म्हणजे चित्रावर ठेवलेली पिवळी काच समजा. ती प्रत्येक रंगाचा ठरावीक हिस्सा अडवते, तेवढाच हिस्सा परत द्यायचा. टेपची कड सरळ असते, त्यामुळे पट्टा नेमका निवडता येतो. 600 डीपीआयला 12 मिलिमीटर म्हणजे सुमारे 283 पिक्सेल. निवडीची कड तीन-चार पिक्सेलांनी मऊ करा आणि फक्त त्या भागावर फोटो एडिटरमधलं Levels उघडा. निळ्यात स्वच्छ कागद 182 आणि डागाखाली 104, म्हणून 104 ला 182 ने भागून 255 ने गुणा: 146. निळ्या चॅनेलचा पांढरा टोकबिंदू 255 वरून 146 वर आणा. याच हिशेबाने हिरव्याचा 211 आणि लालचा 245. मी हे तीन आकडे घातले आणि पट्टा बसला. त्याखालून आजीची चंद्रकोर जशीच्या तशी वर आली, तिच्या खालचा बारीक ठिपकाही.

पट्ट्याखालच्या काळ्या जागा, म्हणजे केस किंवा कोट, निळसर करड्या दिसू लागल्या तर गोंद चकाकतोय आणि काळ्यावर धुरकट थर देतोय असं समजा. तिथे काळा टोकबिंदूही थोडा आत घ्यावा लागतो. डाग एका टोकाला गडद आणि दुसऱ्याला फिका असेल तर पट्ट्याचे दोन-तीन तुकडे करून प्रत्येकाचे आकडे वेगळे काढा.

हीलिंग ब्रशविषयी माझं म्हणणं यातूनच येतं. तो डाग काढत नाही, शेजारचा पोत आणून त्या जागी बसवतो. आजीच्या कपाळावर मी तो आधी चालवून पाहिला होता. कपाळ गुळगुळीत झालं आणि चंद्रकोर गेली. जिथे डागाखाली चित्र आहे तिथे ब्रश म्हणजे खरं पुसून अंदाज लिहिणं. फाटल्याच्या रेषेत जिथे थरच उरलेला नाही, आणि टेपच्या कडेला धूळ चिकटून झालेली बारीक काळी रेघ, एवढ्याच जागी तो वापरावा आणि तोही वेगळ्या लेयरवर.

पानाच्या ठशांची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडच्या जुन्या काळ्या पानांच्या अल्बममध्ये दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची उठावदार नक्षी असलेला बटर पेपर असायचा. पावसाळ्यात दमट हवेने जिलेटिन मऊ पडतं, वर अल्बमचं वजन, आणि ते जाळं फोटोवर दाबलं जातं. हा बहुतेकदा रंगाचा डाग नसतो, पृष्ठभागावरचा खड्डा-उंचवटा असतो. स्कॅनरचा दिवा तिरका असतो, म्हणून प्रत्येक उंचवट्याला एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने सावली पडते. आपल्याला दिसतं ते एवढंच. खात्री करायला फोटो काचेवर 90 अंशांत फिरवून पुन्हा स्कॅन करा. माझ्या फोटोत आधी जाळ्याचे आडवे धागे दिसत होते, फिरवल्यावर ते मावळले आणि उभे धागे उठून आले. नक्षी अशी बदलली तर तो उठाव. जशीच्या तशी राहिली तर तो मुरलेला डाग, आणि त्याला वरचा चॅनेलचा उपाय.

उठाव असेल तर ब्लरची गरज नाही. ब्लरने धाग्याबरोबर पापण्याही जातात. फोटो एकदा सरळ आणि एकदा 180 अंश फिरवून स्कॅन करा. दुसऱ्या स्कॅनमध्ये उजेड उलट्या बाजूने पडलेला असतो, त्यामुळे दोन्ही नेमके एकावर एक ठेवून सरासरी काढली की सावल्या एकमेकींना खोडतात. चित्र दोन्हीत सारखंच असतं, ते टिकतं. नेमके जुळवणं हाताने जमत नाही, कारण फोटो दुसऱ्यांदा अर्ध्या मिलिमीटरने तरी सरकतोच. हगिन या फोटो जोडणाऱ्या प्रोग्रामसोबत येणारं align_image_stack ते काम करतं, फिरवायला आणि सरासरीला ImageMagick ची magick कमांड. a.tif हा सरळ स्कॅन, b.tif फिरवलेला:

```
magick b.tif -rotate 180 b2.tif
align_image_stack -m -a jul_ a.tif b2.tif
magick jul_0000.tif jul_0001.tif -evaluate-sequence mean photo.tif
```

क्रम महत्त्वाचा आहे: आधी सरासरी, मग टेपचा डाग. नाहीतर डागाचे आकडे सावलीवरच्या पिक्सेलांवरून काढले जातात आणि चुकतात.

सरासरीनंतर माझ्या फोटोतलं जाळं मागच्या पडद्यावरून पूर्ण गेलं, आजोबांच्या काळ्या कोटावर मात्र काही धागे पांढरट चमकत राहिले. तिथे उंचवटा आरशासारखा उजेड परतवतो आणि दोन्ही स्कॅनमध्ये ती चमक थोड्या वेगळ्या जागी पडते. सरासरीत दोन्ही अर्धी-अर्धी उतरते. कोटापुरता मी वरच्या स्कॅनचा मोड Darken केला, म्हणजे दोघांतला गडद पिक्सेल घेतला जातो. चमक गेली. चेहऱ्यावर Darken वापरू नका, तिथे तो दोन्हीकडच्या सावल्या गोळा करतो.

प्लास्टिकच्या पानाला चिकटून फोटोवर जे गुळगुळीत चकचकीत चट्टे पडतात, त्यांना फ्लॅटबेड स्कॅनर पुरत नाही. ते फोटो कॅमेऱ्याने टिपावेत: दोन्ही बाजूंनी 45 अंशांत एकेक दिवा, दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म, भिंगावर पोलरायझर, आणि तो चमक मरेपर्यंत फिरवायचा. माझ्या फोटोत असा एकच चट्टा आजोबांच्या चपलेवर होता. तो मी तसाच ठेवला आहे.